आठ हजार एकावा नग

(शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील लघुउद्योजकांपुढे कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ना-नफा-ना-तोटा बिंदू कसा काढतात हे आपणांस ठाऊक आहे, असे धरूनच मी बोलणार आहे. स्थिर खर्चाला नगामागच्या कॉन्ट्रिब्युशनने भागले की झाले. माझी तक्रार या भागाकाराविषयी नाही. ती आहे त्याबरोबर फळ्यावर काढल्या जाणाऱ्या आडव्या रेषेविषयी. स्थिर खर्चाची ही रेषा शून्य नगांपासून फळा संपेपर्यंत सपाट जाते, जणू एकच सुपरवायझर चोवीस तास जागा राहून मागाल तितका माल काढून देणार आहे. असा सुपरवायझर कुणाकडे असल्यास त्याचा पत्ता मला जाताना अवश्य द्यावा.

शिरोलीतले एखादे मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग करून देण्याचे जॉबवर्क तिथे चालते. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत. दर नगामागे ८५ रुपये मिळतात. इन्सर्ट, कूलंट, वीज आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून ४५ रुपये जातात. कॉन्ट्रिब्युशन ४० रुपये उरते. एका शिफ्टचा स्थिर खर्च महिन्याला २,४०,००० रुपये आहे, म्हणजे ६,००० नगांवर तोंडमिळवणी होते. एका शिफ्टमध्ये जास्तीत जास्त ८,००० नग निघतात आणि तेव्हा नफा ८०,००० रुपये होतो.

आता आठ हजार एकावा नग हवा असेल, तर दुसरी शिफ्ट लावावी लागते. तिच्यासाठी सुपरवायझर, सेटर, तपासनीस, रात्रीचा वॉचमन आणि कामगारांना घरी पोहोचवणारी गाडी असा १,२०,००० रुपयांचा खर्च एका दमात वाढतो. त्या एका नगाचे ४० रुपये मिळतात आणि नफ्याच्या जागी जवळपास ४०,००० रुपयांचा तोटा उभा राहतो. स्थिर खर्च ३,६०,००० झाल्यामुळे तोंडमिळवणीचा दुसरा बिंदू ९,००० नगांवर येतो. मात्र तिथे थांबून सुटकेचा श्वास टाकणे घाईचे ठरेल, कारण ९,००० नगांवर नफा शून्य आहे आणि आपण तर ८,००० नगांवर ८०,००० रुपये कमावत होतो. तेवढेच पैसे पुन्हा मिळण्यासाठी ३,६०,००० आणि ८०,००० यांच्या बेरजेला ४० ने भागावे लागते. उत्तर येते ११,०००. म्हणजे ८,००१ ते १०,९९९ या साऱ्या पट्ट्यात माणूस अधिक राबतो आणि कमी कमावतो.

मोठ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी नेमके या पट्ट्यातले काम घेऊन येतात, हे माझे जुने दुखणे आहे. एका गृहस्थांनी माझ्यासमोर प्रस्ताव ठेवला होता, की आम्ही २,००० नग वाढवून देतो, तुम्ही सगळ्या नगांवर ३ रुपये सोडा, तुमचा खर्च जास्त मालावर पसरेलच. आपल्या उदाहरणात १०,००० नगांना ३७ रुपयांनी गुणून ३,६०,००० वजा केले, तर १०,००० रुपये उरतात. खर्च पसरला हे खरे, पण आधी तो दीडपट झाला, याचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात नव्हता. त्यांनी चहा मात्र उत्तम पाजला.

आपले हिशेबनीसही या चुकीला हातभार लावतात. दुसऱ्या शिफ्टचे १,२०,००० रुपये तिच्या पूर्ण क्षमतेच्या ८,००० नगांवर वाटून ते नगामागे १५ रुपये धरतात आणि २५ रुपये सुटतात असे सांगतात. या हिशेबाने जादा २,००० नगांवर ५०,००० रुपये मिळायला हवेत. प्रत्यक्षात ८०,००० रुपयांचे कॉन्ट्रिब्युशन येते, १,२०,००० जातात आणि ४०,००० रुपये खिशातून भरावे लागतात. वाटून धरलेला आकडा शिफ्ट पूर्ण भरली तरच खरा असतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे जाहीर केलेला मूळ विषय, म्हणजे शिफ्ट केव्हा लावावी, आता घाईनेच सांगतो. पहिला पर्याय ओव्हरटाइमचा. जादा वेळेची मजुरी कायद्याने दुप्पट द्यावी लागते. ४५ रुपयांत मजुरी १८ असेल तर ती ३६ होते आणि कॉन्ट्रिब्युशन २२ वर येते. ते कमी असले तरी पायरी चढावी लागत नाही. ओव्हरटाइमने १,२०० नग निघत असतील तर नफा १,०६,४०० होतो, आणि त्यामुळे शिफ्टला गाठायचा आकडाही ११,००० वरून ११,६६० वर जातो. ओव्हरटाइमच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट ऑर्डरच्या मुदतीची. पायरी चढताना खर्च एका दिवसात वाढतो, पण मागणी घटली म्हणून सुपरवायझरला दुसऱ्या दिवशी घरी पाठवता येत नाही. एका शिफ्टच्या तुलनेत १३,००० नगांवर दरमहा ८०,००० रुपये जास्त मिळतात, म्हणजे तीन महिन्यांत २,४०,०००. त्यानंतर मागणी पुन्हा ८,००० वर आली आणि शिफ्ट दोन महिने तशीच पोसावी लागली, तर ते २,४०,००० पूर्ण निघून जातात. म्हणून खरेदी अधिकाऱ्याकडून महिन्याच्या नगांबरोबर किमान महिन्यांचीही लेखी हमी घ्यावी आणि ती मिळत नसेल तर ३ रुपये सोडण्याऐवजी दर वाढवून मागावा.