जहाजावरची नोकरी: कुठल्या पायरीवर उतरायचं?

मंडळी, समोर निम्मे पालक बसले आहेत आणि तुम्ही काय ऐकून आलात ते मला ठाऊक आहे. कुणाच्या तरी मेव्हण्याचा मुलगा महिन्याला साडेतीन लाख कमावतो म्हणे. हा आकडा सहसा खोटा नसतो. पण तो जहाजावरच्या महिन्याचा असतो, आणि असे महिने वर्षात बारा येत नाहीत.

आपण एकच मुलगा धरू. सोलापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंग झालं, मग जीएमई हा पदवीधरांसाठीचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स केला, सहा महिने जहाजावर शिकाऊ म्हणून काढले, क्लास फोर ही जहाजावरच्या इंजिनिअरची पहिली परीक्षा पास झाला आणि परदेशी जहाजावर फोर्थ इंजिनिअर म्हणून लागला. पगार समजा 4,000 डॉलर, आणि हिशोबापुरता डॉलर 85 रुपयांचा. महिन्याचे झाले 3,40,000. कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं. बहुतेक कंपन्यांत कॉन्ट्रॅक्ट संपलं की पगारही थांबतो, सुट्टीचे पैसे वेगळे मिळत नाहीत. म्हणजे वर्षाचे 20,40,000. त्याला बारानं भागा, 1,70,000 येतात. पंचविशीतल्या पोराला हे पैसे कमी आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. पण घराचा हप्ता ठरवताना हा आकडा धरायचा, साडेतीन लाखांचा नाही.

आता करमाफीबद्दल. जहाजावर गेलं की टॅक्स नाही, असं सरसकट समजू नका. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांच्या आत राहिला, तरच तो एनआरआय ठरतो. म्हणजे किमान 184 दिवस बाहेर. परदेशी फेरी असेल तर हे दिवस सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेवर, लागलेल्या जॉइनिंगच्या आणि साइन ऑफच्या, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या, तारखांवरून मोजले जातात. आपल्या मुलाचे 31 मार्चला बाहेरचे 172 दिवसच भरले, तर त्या वर्षी तो इथला रहिवासी ठरतो आणि सगळ्या पगारावर कर लागतो. त्यामुळे जहाजावर फेब्रुवारी-मार्चमध्ये एक वेगळाच खेळ चालतो. घरी मुलीची परीक्षा, म्हातारीचं ऑपरेशन, आणि हा मनातल्या मनात बोटांवर दिवस मोजतोय. सुट्टी कधी घ्यायची हे घर ठरवत नाही, कॅलेंडर ठरवतं.

कॅलेंडरही नेहमी शब्द पाळत नाही. जागा घेणारा रिलीव्हर आला नाही, त्याचा व्हिसा अडकला, जहाजाचं पुढचं बंदर बदललं, की साइन ऑफ पुढे गेलाच. कायदा म्हणतो सलग बारा महिने होण्याआधी माणसाला घरी पाठवा. तरी 2020 मध्ये जगभरात लाखो खलाशी मुदत उलटूनही जहाजांवर अडकले होते. तो काळ वेगळा होता, पण तीन आठवड्यांचा उशीर ही नेहमीची गोष्ट आहे. गड्ड्याच्या जत्रेला नक्की येतो असं सांगितलेलं असतं, आणि संक्रांतीला माणूस ब्राझीलच्या बंदराबाहेर नांगर टाकून बसलेला. जहाजावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिनोन् महिने टिकते, हा आपला सोलापुरी फायदा सोडला तर यात गोड काही नाही. आणि घरच्यांसाठी एक काम निघण्याआधीच करून ठेवा: बायकोच्या किंवा वडिलांच्या नावानं मुखत्यारपत्र. फ्लॅटचं रजिस्ट्रेशन किंवा बँकेचं कर्ज एका सहीसाठी सहा महिने अडून राहिलेलं मी पाहिलंय.

पण मला आज खरं बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. क्लास फोरनंतर क्लास टू, मग क्लास वन. मध्ये ठरावीक सी-टाइम, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचा काळ, भरावा लागतो, आणि प्रत्येक परीक्षेसाठी काही महिने मुंबईत भाड्याची खोली घेऊन, बिनपगारी. लेखी होऊन जाते, तोंडी परीक्षेत माणूस पुन्हा पुन्हा बसतो. सगळं सुरळीत गेलं तर आपला मुलगा अठ्ठावीस-एकोणतीसला सेकंड इंजिनिअर आणि चौतीस-पस्तिसला चीफ होतो. मधली ही पाच-सहा वर्षं म्हणजे लग्न, पहिलं मूल, आई-वडिलांची साठी. बस झालं, आता परत येतो, असं मनात येण्याची वेळ नेमकी हीच.

आणि किनाऱ्यावरच्या नोकरीच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट वेळही हीच. मुंबईतल्या जहाज कंपन्यांच्या कार्यालयांत टेक्निकल सुपरिंटेंडेंटची नोकरी असते. काही जहाजांची दुरुस्ती, सुटे भाग, ड्राय डॉक, बजेट, आणि रात्री दोनला येणारे फोन हे त्याचं काम. तिथे साधारणपणे क्लास वन आणि चीफ म्हणून काढलेला काळ मागतात. जहाजं तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या चांगल्या जागांचंही तसंच. क्लास टूवर उतरलेल्याला साधा मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून उभं राहावं लागतं, तेही त्याच्या वर्गमित्रांना कारखान्यात सात-आठ वर्षं झालेली असताना.

वर्षभर बघतो, नाही जमलं तर परत जातो, असंही मुलं म्हणतात. प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी त्या पाच वर्षांत बारा महिने जहाजावर काढलेले हवेत, किंवा अगदी अलीकडच्या सहा महिन्यांतले तीन. कायद्यानं दार एवढं उघडं असतं. पण दोन वर्षांचा खंड पडलेला दिसला की कंपनी आधी दुसऱ्याला फोन लावते.

सोलापुरात काय, हा प्रश्न हमखास येतो. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, इतके बॉयलर, टर्बाइन, मग मरीन इंजिनिअरला काम का नाही? याचं कारण असं की बहुतेक मालवाहू जहाजं डिझेल इंजिनावर चालतात. त्यांच्यावरचा बॉयलर हा तेल गरम करण्यापुरता, साधारण सात-आठ बार दाबाचा. कारखान्याच्या सहवीजनिर्मितीचा बॉयलर 67 बारचा, 87 चा, कुठे 110 चाही. शिवाय त्याचा ताबा घ्यायला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ती परीक्षा देता येते, पण पस्तिशीत पुन्हा अभ्यासाला बसायची तयारी हवी, आणि पगार जहाजाच्या जवळपासही नसतो. म्हणून सांगतो, किनाऱ्यावरची नोकरी म्हणजे व्यवहारात मुंबई, चेन्नई नाहीतर सिंगापूर. घरासाठी समुद्र सोडणारा सोलापूरचा माणूस घरी येत नाही, मुंबईला येतो. तिथलं भाडं आणि पूर्ण आयकर वजा केला की हातात जे उरतं ते बघून चीफसुद्धा पुन्हा बॅग भरतात.

ऑफशोअरचा, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या नोकरीचा, पर्याय अधूनमधून विचारला जातो. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे. प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस काम, चौदा दिवस घर अशी पाळी असते, आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रीत सोलापूर गाठता येतं. बापाला पोरगं ओळखतं, हा मोठाच फरक. मात्र ते दिवस भारतातलेच धरले जातात, 184 च्या हिशोबात येत नाहीत, आणि परदेशी टँकरचे डॉलरही तिथे नसतात. ज्याला लहान मुलं आहेत त्याला मी हीच नोकरी सुचवीन, आकडा कमी असला तरी.

चिठ्ठीवर एका ताईंनी विचारलंय, मुलगा आत्ता सेकंड इंजिनिअर आहे, सून म्हणते परत या, काय करू? ताई, क्लास वनला किती सी-टाइम कमी पडतोय ते आधी त्याला विचारा. वर्षाच्या आत भरत असेल तर तेवढा भरू द्या, परीक्षेचे महिने सूनबाईंसह मुंबईत काढू द्या, आणि चीफ म्हणून एक-दोन कॉन्ट्रॅक्ट झाली की उतरू द्या. तीन वर्षं लागणार असतील आणि घर आत्ताच मोडायला आलं असेल, तर आजच उतरलेलं बरं. पण मग पगार पाव होणार हे सूनबाईंना आजच, आकड्यासकट सांगा.