‘संत्रा निघाला की देतो’ म्हणजे कधी?

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात पंप, पाइप, ठिबकचं सामान विकणाऱ्या दुकानांचे हिशेब मी लिहितो. आपल्याकडे हा धंदा उधारीवर चालतो, आणि बाकी तुंबली की गिऱ्हाईक हप्त्यांची चिठ्ठी घेऊन येतं. काटोलकडच्या एका बागायतदाराची अशी चिठ्ठी नमुन्यादाखल घेऊ:

‘शेठजी, 96 हजार बाकी आहे, मान्य. सध्या हात तंग आहे. महिन्याला दहा-बारा हजार टाकत जाईन, संत्रा निघाला की उरलेले एकदम देऊन टाकतो. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.’

माणूस प्रामाणिक आहे. पण दहा की बारा? कोणत्या तारखेला? आंबिया बहराचा संत्रा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ‘संत्रा निघाला की’ या तीन शब्दांत चार-पाच महिन्यांचा फरक लपलेला आहे. आणि ‘सांभाळून घ्या’चा अर्थ शेठजी एक घेतील, गिऱ्हाईक दुसरा.

अशा वेळी दुकानदार स्वतःच्या मनाने आकडे भरून टाकतो. तसं करू नका, फोन लावा. ‘भाऊ, बाग आंबियाची की मृगाची? व्यापारी पैसे कधी देतो?’ तो सांगेल, ‘आंबियाची हाये. नोव्हेंबरात अर्धे येतात, बाकीचे डिसेंबरात. त्याच्याआधी महिन्याला बारा जमते, जास्त नाही जमत.’ आता कागद लिहिता येतो.

पहिल्या ओळीत बिलांचे नंबर आणि आजच्या तारखेची बाकी, 96,000 रुपये, आकड्यात आणि अक्षरात. त्याखाली एका ओळीत एकच हप्ता: 10 ऑगस्ट 12,000, 10 सप्टेंबर 12,000, 10 ऑक्टोबर 12,000, 10 नोव्हेंबर 30,000, 10 डिसेंबर 30,000. प्रत्येक ओळीच्या शेवटी, हप्ता दिल्यावर किती उरले ते लिहा: 84, 72, 60, 30 हजार आणि शेवटी शून्य. शून्य आलं नाही तर बेरीज चुकली, हे सही करण्याआधीच कळतं. महिनाअखेरची 31 तारीख टाळा, ती दर महिन्यात नसते. दहा तारखेला बँकेला सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस, हेही लिहा.

आता हप्ता चुकला म्हणजे काय? चेक हातात दिला म्हणजे हप्ता भरला का? नाही, रक्कम खात्यात जमा होईल तो दिवस धरायचा, असं स्पष्ट लिहा. बाराऐवजी आठ हजार आले, तर चार हजार थकले असं धरायचं. आणखी एक भांडण हमखास होतं. तोच गिऱ्हाईक मधेच दोन हजारांचे कपलिंग उधारीवर नेतो, मग यूपीआयने बारा हजार पाठवतो. ते कशात जमा करायचे? कोणत्या देण्यापोटी पैसे देतोय हे देणाऱ्याने सांगितलं नाही, तर कायद्याने घेणारा ठरवू शकतो. पण ते वादावर सोडण्यापेक्षा ‘आलेली रक्कम आधी या हप्त्यात’ असं एक वाक्य लिहून टाका.

परिणामांची ओळ पायरीपायरीने लिहा. सात दिवस उशीर झाला तरी काही नाही. आठव्या दिवसापासून फक्त थकलेल्या हप्त्यावर महिन्याला एक टक्का, म्हणजे बारा हजारांवर 120 रुपये. लागोपाठ दोन हप्ते थकले तर उरलेली सगळी बाकी एकदम देय. आणि त्याच कागदावर उदाहरण द्या: ‘ऑगस्टचा हप्ता आला, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे आले नाहीत, तर 18 ऑक्टोबरला पूर्ण 84,000 रुपये आणि तोवरचं व्याज देणे लागेल.’ ‘योग्य ती कारवाई करू’ या वाक्याने कोणी घाबरतही नाही आणि कोणाला काही समजतही नाही. ‘एक दिवस चुकला तर 20 हजार दंड’ असला दरारा तर नकोच. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं, कागदावरचा आकडा कितीही मोठा असो.

शेवटी गिऱ्हाइकाची सही आणि सहीची तारीख. ही तारीख बरेच जण सोडतात. उधारीच्या मालाची वसुली साधारण तीन वर्षांत न्यायालयात मागावी लागते, आणि ती मुदत संपायच्या आत बाकी मान्य असल्याची लेखी सही मिळाली, तर सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. मुदत उलटून गेल्यावर घेतलेल्या सहीला हा फायदा नाही. म्हणून जुनं बिल असेल तर आधी त्याची तारीख पाहा. कागदाच्या दोन प्रती करा, एक त्याच्याकडे द्या, आणि सही करण्याआधी परिणामांची ओळ त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल, ते वाक्य तिथेच बदला.