बाथ बॉम्बमध्ये तेलाचे थेंब मोजणं बंद करा (आणि हळद टाकू नका ना बा!)

नमस्कार मंडळी, मागच्या व्हिडिओखाली तेच, ताई किती थेंब टाकू, ताई दहा टाकले तर चालतील का, ताई वास येत नाही अजून दहा टाकू का. म्हणून आज कॅमेरा लावलाय, मागे कूलरचा आवाज येईल, जळगावचा मे महिना आहे, तो बंद होणार नाही.

बेसिक पटकन सांगते. खायचा सोडा २०० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड १०० ग्रॅम, दोन्ही चाळून कोरडे एकत्र करायचे. ॲसिड संपलं तरी थोडा सोडा उरतो, त्यामुळे पाणी आंबट होत नाही. मूठ वळून दाबली की बेसनाच्या लाडवासारखं टिकलं पाहिजे. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "आंग धुवाले लाडू करी ऱ्हायनी का?" तर हो, लाडूच, ३० ग्रॅमचे दहा, बादलीला एक.

आता तेल. इसेन्शियल तेल पाण्यात विरघळत नाही. पुन्हा म्हणते, विरघळत नाही, आणि मीठ किंवा सोड्यात चोळल्याने पण ते विरघळायला लागत नाही. "पण ताई मीठ तेल शोषून घेतं." घेतं ना, पण मीठ पाण्यात गेलं की तेल सुटून वर येतंच.

मी स्वतः हे भोगलंय. पहिल्या वर्षी घरातलं दाढेचं लवंगतेल बाथ सॉल्टमध्ये अंदाजाने ओतलं आणि घमेल्यात पाय बुडवून बसले. दहा मिनिटांत घोट्याभोवती लाल कडं, अगदी पाण्याच्या रेषेवर, पैंजण घातल्यासारखं, आणि खाली पाऊल एकदम ठीक! कारण तेल सगळं वरच तरंगत होतं आणि तेवढ्याच पट्ट्याला चिकटलं.

आता आपल्याकडे टब कुठे, बादली-तांब्या. म्हणजे पहिला तांब्या भरला की वरची तेलाची साय त्यातच येते आणि खांद्यावर थेट जवळपास कच्चं तेल, शेवटच्या तांब्यात नुसतं सोड्याचं पाणी. तुम्हाला वाटतं बादलीभर पाण्यात थेंब पांगले, पांगत नाहीत.

म्हणून तेल पाण्यात मिसळवणारं पॉलीसॉर्बेट ८०, साबण बनवायचं सामान मिळतं तिथे मिळतं. तेलाच्या चौपट घ्यायचं, आधी वाटीत तेलासोबत ढवळायचं आणि मग मिश्रणात. बाथ सॉल्टला पण हेच, सैंधव घ्या नाहीतर एप्सम. बरोबर झालं की नाही कसं कळणार? वाटीतला एक थेंब ग्लासभर पाण्यात टाका. पाणी दुधट झालं तर ठीक, वर चकचकीत गोल ठिपके दिसले तर पॉलीसॉर्बेट वाढवा. दुधाने किंवा खोबरेल तेलाने हे होत नाही, खोबरेल तेलाने निदान तेल पातळ होतं, पण तरंगतंच.

आता किती? मी एकूण वजनाच्या अर्धा टक्का धरते. ३०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅम तेल, सहा ग्रॅम पॉलीसॉर्बेट. थेंब नको, कारण प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, आपल्या गावात सांगायला नको. लव्हेंडरला अर्धा टक्का आरामात चालतो. लवंगेला त्वचेवर अर्धा टक्का ही शेवटची मर्यादा मानतात, मी निम्म्यावरच थांबते. आणि दालचिनीच्या सालीचं तेल? ०.०७ टक्के! ३०० ग्रॅमला जेमतेम ०.२ ग्रॅम, ते माझ्या काट्यावर नीट मोजताच येत नाही, म्हणून मी टाकतच नाही. दिवाळीला "दालचिनी बॉम्ब दाखवा" म्हणणाऱ्या दादांना हेच उत्तर, रागावू नका. पेपरमिंट, निलगिरी लहान लेकरांच्या बादलीत नको.

रंग. एका ताईने हळद टाकली आणि विचारलं माझा बॉम्ब मळकट केशरी का झाला. अहो, हळदीत चुना घालून कुंकू करतात हे आपल्याला माहितीये ना? सोडा चुन्याइतका कडक नाही म्हणून कुंकवापर्यंत जात नाही, मधेच अडकतो. वर टॉवेलला डाग. बीट पावडरही फिकी, तपकिरी पडते. गुलाल आणि रांगोळीचा रंग अजिबात नाही, तो आंघोळीच्या पाण्यासाठी बनवलेलाच नाही. लिक्विड फूड कलरमध्ये पाणी असतं, टाकल्या टाकल्या मिश्रण फसफसायला लागतं. मी चिमूटभर मुलतानी माती घालते, किंवा कॉस्मेटिक ग्रेड मायका, त्याची चमक बादलीला चिकटते तेव्हा पॉलीसॉर्बेट परत कामाला येतं.

मे महिन्यात बॉम्ब एका रात्रीत दगड होतात, पावसाळ्यात मात्र फुगतात. वळल्यावर एक दिवस उघडे ठेवा, ओले असताना बरणी घट्ट लावली तर आतल्या गॅसने झाकण उडतं, माझं फडताळात उडालं होतं, रात्री दोन वाजता, अख्खी गल्ली जागी.