जेवताना गार पाणी प्यायलं तर जठराग्नी खरंच विझतो का?

मंडळी, ‘जेवताना गार पाणी पिऊ नकोस, अन्न पचत नाही’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कुणी लहानाचं मोठं झालेलं नाही. त्यामागे मुळात अग्नीची कल्पना आहे. पोटात जठराग्नी आहे, अन्न त्यावर शिजतं, मग त्यावर गार पाणी ओतलं की तो मंदावणारच. आयुर्वेदात गरम पाण्याला दीपन-पाचन म्हटलंय तेही याच विचारातून. पुढे त्याला तुपाची जोड मिळाली: गार पाण्याने तूप पोटात गोठतं आणि आतड्यांना चिकटून बसतं.

या समजुतीत तथ्याचा एक कण आहे, आणि तो आधी मान्य केला पाहिजे. अमेरिकेत 1822 साली ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात गोळी लागली. जखम भरली, पण जठराला बाहेरून उघडणारं छिद्र तसंच राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या छिद्रातून पुढे कित्येक वर्षं पचन पाहिलं. त्याने जठररस बाटलीत काढून त्यात मांस टाकलं. बाटली थंडीत ठेवली तर मांस जसंच्या तसं राहायचं, शरीराइतक्या उबेत ठेवली की विरघळायला लागायचं. म्हणजे पाचक रसाला ऊब लागते हे खरंच आहे.

पण बाटली थंड राहते, जठर राहत नाही. त्याच्या भिंतीतून सतत गरम रक्त वाहत असतं. 1988 साली ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना 400 मिलिलिटर संत्र्याचा रस एकदा 4 अंशांवर, एकदा 37 वर आणि एकदा 50 वर प्यायला दिला आणि जठरातलं तापमान मोजलं. गार रसानंतर ते 20 ते 30 मिनिटांत पूर्ववत झालं. सुरुवातीला मात्र गार रस जठरातून पुढे सरकायला जास्त वेळ लागला. थंडीने जठर काही काळ संथ होतं, एवढंच. आणि जेवण जठरात तीन-चार तास तरी असतं.

आता हे आपल्या ताटावर मांडून पाहू. गरम वरणभात साधारण 400 ग्रॅम, खाताना 55 अंशांचा. त्यासोबत फ्रिजमधलं 200 मिलिलिटर पाणी, 5 अंशांचं. ढोबळ हिशेबाने हे मिश्रण 38 अंशांवर येतं, म्हणजे शरीराच्या तापमानाला जवळजवळ जाऊन पोहोचतं. समजा जेवणही निवलेलं असलं, तरी एवढं पाणी अंगाइतकं गरम करायला सहा-सात किलोकॅलरी लागतात. शरीराला ते अजिबात जड नाही. तुपाचंही तसंच. ते क्षणभर घट्ट झालं तरी जठर तापल्यावर पुन्हा पातळ होतं, आणि त्याचं खरं पचन पुढे लहान आतड्यात, पित्ताच्या मदतीने होतं. आतड्यांना ते चिकटून बसत नाही.

‘पाण्याने आम्ल पातळ होत नाही का?’ असं नेहमी विचारलं जातं. थोडं होतं. पण त्याहून जास्त आम्ल अन्न स्वतःच शोषून घेतं, आणि त्याला प्रतिसाद म्हणून जठर आणखी आम्ल सोडतं. साधं पाणी तर बरंचसं अन्नाआधीच पुढे निघून जातं.

मग जेवणासोबत गार कोल्ड्रिंक घेतल्यावर पोट फुगतं, करपट ढेकर येतात, छातीशी जळजळतं, ते का? माझ्या मते बहुतेक वेळा दोष थंडीचा नसून कोल्ड्रिंकमधल्या इतर गोष्टींचा असतो. 350 मिलिलिटरच्या साध्या गोड कोल्ड्रिंकमध्ये 35 ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि त्या पेयाच्या आकारमानाच्या तिपटीहून अधिक वायू त्यात विरघळलेला असतो. हा वायू भरल्या पोटात सुटतो, जठर ताणलं जातं, ढेकर येते आणि तिच्याबरोबर आम्लही वर चढतं. साखरेमुळे जठर आणखी सावकाश रिकामं होतं. त्यात आपण कोल्ड्रिंक पितो ते बिर्याणी किंवा पंगतीच्या जेवणावर, पोट तुडुंब असताना. खात्री करायची असेल तर एकच गोष्ट बदला: तेच जेवण, तेवढंच, एकदा माठातल्या पाण्याबरोबर, एकदा फ्रिजच्या पाण्याबरोबर, एकदा कोल्ड्रिंकबरोबर. प्रत्येक प्रकार तीन-चार दिवस ठेवा आणि लिहून ठेवा.

काही लोकांना मात्र निव्वळ गारव्याचाच त्रास होतो, आणि त्यांना ‘हे मनाचे खेळ’ म्हणणं अन्यायाचं आहे. ज्यांचं जठर किंवा आतडं मुळातच हळवं आहे त्यांना गार पाण्याने कळ येऊ शकते. त्यांनी ते टाळावं. अकॅलेशिया नावाच्या आजारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट सैल होत नाही. अशा रुग्णाचा घास गार पाण्याने आणखी अडकतो आणि कोमट पाण्याने बऱ्याचदा उतरतो. म्हणून गार पाणी प्यायल्यावर छातीच्या मध्यभागी घास थांबल्यासारखं वारंवार वाटत असेल, किंवा जोडीला वजन घटत असेल, तर कोमट पाण्यावर भागवत बसू नका; पोटविकारतज्ज्ञांकडून अन्ननलिका तपासून घ्या.