कंट्रोल लावल्यावर कोएफिशंटमध्ये नेमकं काय उरतं

फळ्यावर सहा रूम लिहिल्यात बघा, आकडे मीच बनवलेत, गणित हातानं करता यावं म्हणून. तीन कळंगुटच्या किनाऱ्यालगत, 10, 12 आणि 14 चौरस मीटरच्या, एका रात्रीचं भाडं 2900, 3150 आणि 3250 रुपये. तीन म्हापशात, 20, 22 आणि 24 चौरस मीटरच्या, भाडं 1900, 2050, 2350. प्रश्न एवढाच की रूम एक चौरस मीटरनं मोठी असली तर भाडं किती वाढतं.

सरळ भाडं आणि साईझ घेऊन रिग्रेशन केलंत तर कोएफिशंट येतो उणे 81 च्या आसपास, म्हणजे रूम मोठी तर भाडं कमी! आता आपण सगळे गोव्यातले, हे का झालं ते कुणालाही कळेल, किनाऱ्यावर जागा महाग म्हणून रूम लहान आणि तरी भाडं जास्त, आणि हा जागेचा परिणाम साईझच्या खात्यात जमा झालाय. मग जागा कंट्रोल म्हणून टाकली की तोच कोएफिशंट अधिक 100 होतो. सगळी पुस्तकं इथे म्हणतात "जागा स्थिर ठेवून". पण जागा स्थिर ठेवली कुणी? डेटा तर तोच आहे. म्हणून मला हे उलगडून बघायला फार आवडतं.

आधी साईझ घ्या आणि तिच्यातून जागा काढून टाका. इथे जागेचे दोनच प्रकार, त्यामुळे प्रत्येक गटाची सरासरी वजा केली की झालं. कळंगुटची सरासरी 12, म्हापशाची 22, उरतं काय तर दोन्हीकडे उणे 2, 0, अधिक 2. भाड्याचंही तसंच, सरासऱ्या 3100 आणि 2100, उरतं उणे 200, 50, 150 आणि उणे 200, उणे 50, 250. आता हे उरलेलं भाडं उरलेल्या साईझवर रिग्रेस करा: गुणाकारांची बेरीज 1600, साईझच्या वर्गांची बेरीज 16, उत्तर बरोब्बर 100. योगायोग नाही, प्रत्येक वेळी असंच येतं. फ्रिश आणि वॉ यांनी 1933 मध्ये काळाच्या ट्रेंडबाबत हे दाखवलं, 1963 मध्ये लव्हेलनं ते व्यापक केलं, म्हणून तिघांच्या नावानं हे प्रमेय ओळखलं जातं. कंट्रोल कितीही असोत, x म्हणजे साईझ, y म्हणजे भाडं आणि z म्हणजे कंट्रोल धरलं तर R मध्ये एवढंच:

```
rx <- resid(lm(x ~ z))
ry <- resid(lm(y ~ z))
lm(ry ~ rx)
```

आता 16 हा आकडा नीट बघा. जागा काढण्याआधी, म्हणजे सहाही रूमची एकच सरासरी 17 वजा केली तर, साईझच्या वर्गांची बेरीज होती 166, म्हणजे साईझमधला नव्वद टक्के फरक जागेबरोबर निघून गेला आणि 100 हे उत्तर उरलेल्या दहा टक्क्यांवर उभं आहे. मधल्या दोन रूमचं रेसिड्युअल तर शून्यच, त्यांचं भाडं थोडं वरखाली केलंत तरी साईझचा कोएफिशंट हलत नाही. सहा रूम म्हणताय, पण उत्तर चारच देतायत. मला विचाराल तर rx चा आलेख काढल्याशिवाय कुणी कोएफिशंटवर बोलूच नये, कारण तिथेच दिसतं की कुठल्या नोंदी काम करतायत.

हे हातानं करताना एक चूक फार होते. लोक भाड्यातून जागा काढतात पण साईझ तशीच ठेवतात आणि मग उरलेलं भाडं मूळ साईझवर टाकतात. वर तेच 1600, पण खाली 166, उत्तर 9.6. शंभराचे दहा झाले! उलट केलंत, म्हणजे साईझमधून जागा काढली आणि भाडं मूळच ठेवलं, तर कोएफिशंट 100 च येतो, फक्त स्टँडर्ड एरर फुगतो कारण किनारा आणि म्हापसा यातला हजाराचा फरक एररमध्ये जाऊन बसतो. म्हणजे जागा एकातूनच धुवून काढायची असेल तर साईझ धुवा, ते सोडता येत नाही. आणि दोन्ही धुतलंत तरी स्टँडर्ड एरर वरच्या कोडच्या शेवटच्या ओळीतून उचलू नका, ती 12.5 सांगेल, पूर्ण मॉडेल सांगतं 14.4, कारण जागेसाठी खर्च झालेली एक डिग्री ऑफ फ्रीडम त्या ओळीला माहीतच नसते.

मघाशी कुणीतरी विचारलं की मग पाहुण्यांचं रेटिंगही कंट्रोल करायचं का. बघा, रूम मोठी म्हणून रेटिंग चांगलं मिळत असेल आणि त्या रेटिंगमुळे भाडं वाढत असेल, तर रेटिंग कंट्रोल करताना साईझचा तो परिणामही तुम्ही काढून टाकता. हिशोब तसाच चालतो, सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही, पण उरलेली साईझ म्हणजे आता "जेवढं रेटिंग सांगतं त्यापेक्षा मोठी किंवा लहान" असं काहीतरी विचित्र झालेलं असतं. जागा ही साईझ ठरण्याच्या आधीची गोष्ट, रेटिंग नंतरचं, आणि हा आधी-नंतरचा क्रम सहाच्या सहा रूमचे आकडे कितीही वेळा चाळलेत तरी त्यातून मिळणार नाही, तो हॉटेलवाल्याला विचारूनच कळतो.