मैदा, कणीक आणि चाळणीत उरलेला कोंडा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात गिरणीत दळणाचा डबा ठेवून उभी होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "तू अन्नशास्त्र शिकवतेस ना, मग सांग. मिसळीबरोबर ब्रेड खाल्ला की मैदा आतड्याला चिकटतो म्हणतात. खरं का?" माझ्या आधी गिरणीवालाच बोलला, "चिकटणारच की वैनी, पोस्टरं चिकटवायला मैद्याचीच खळ लागते."

ही खळीची गोष्ट ऐकायला पटते, पण ती घरीच तपासून बघता येते. दोन-तीन चमचे मैदा कपभर पाण्यात शिजवून घट्ट खळ करा आणि कोमट होऊ द्या. ती दोन वाट्यांत घाला. एका वाटीत थोडी लाळ मिसळा, दुसरीत तेवढंच साधं पाणी. जरा किळसवाणं आहे, पण दहा-पंधरा मिनिटांत लाळेच्या वाटीतली खळ पातळ झालेली दिसेल आणि दुसरी तशीच घट्ट राहील. लाळेत पिष्ट तोडणारं विकर असतं, म्हणजे एन्झाइम. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून हेच विकर कितीतरी जास्त प्रमाणात येतं. त्यामुळे मैदा चिकटून बसत नाही. उलट तो जवळजवळ पूर्ण पचतो आणि मोठ्या आतड्यापर्यंत त्यातलं फारसं काही पोचतच नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. मोठ्या आतड्याला पुढे ढकलायला काहीतरी भरीव लागतं, पाणी धरून ठेवणारं. ते मिळालं नाही की पोट साफ होत नाही, आणि आपण म्हणतो, मैदा चिकटला.

हे भरीव म्हणजे तंतू. ते असतात कुठे? गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरचं साल म्हणजे कोंडा, तंतू मुख्यतः त्यातच असतात, आतला पांढरा पिठाळ भाग आणि टोकाला इवलासा अंकुर. वजनाने पिठाळ भाग ऐंशी टक्क्यांच्या वर असतो. मैदा म्हणजे तेवढाच भाग. कोंडा काढतात कारण पीठ पांढरं आणि मऊ हवं असतं. अंकुर काढतात कारण त्यातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होतं. म्हणून मैदा दुकानात महिनोन् महिने टिकतो आणि आपली कणीक उन्हाळ्यात कडवट व्हायला लागते.

भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यात १०० ग्रॅम कणकेत तंतू ११ ग्रॅमच्या आसपास आहेत, मैद्यात पावणेतीन. लोह कणकेत ४ मिलिग्रॅमच्या आसपास, मैद्यात निम्म्याहून कमी. मॅग्नेशियम आणि ब जीवनसत्त्वांचंही तेच, कारण ती सालात आणि अंकुरात जास्त असतात. प्रथिनं मात्र दोन्हींत जवळपास सारखीच आहेत. मैद्यात काहीच सत्त्व नाही असं म्हणणारे इथे चुकतात. ग्लुटेनही दोन्हींत आहे, त्यामुळे ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी मैदा सोडून चपाती धरण्यात काही अर्थ नाही.

आता काकींची मिसळ घेऊ. आपल्याकडे कटाबरोबर स्लाइस ब्रेड येतो आणि चार स्लाइस कधी संपतात कळत नाही. चार स्लाइसमध्ये साधारण ७० ग्रॅम मैदा धरा. त्यातून तंतू मिळाले २ ग्रॅम. तेवढ्याच कणकेच्या चपात्या खाल्ल्या असत्या तर ८ ग्रॅम मिळाले असते. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. अर्थात मिसळीतली मोडाची मटकी स्वतःचे तंतू घेऊन येते. म्हणून मिसळीवर माझा राग नाही. फरसाण कमी आणि मटकी जास्त, एवढंच मी दुकानात सांगते. कुणी ऐकत नाही, ते सोडा.

आता दुसरा प्रश्न साखरेचा. मैद्याने रक्तातली साखर झपकन वाढते आणि कणकेने हळूहळू, असं सगळे सांगतात. इथे मात्र गंमत आहे. अन्नाने साखर किती वेगाने वाढते याचे आंतरराष्ट्रीय तक्ते आहेत, त्यात ग्लुकोजला १०० धरतात. पांढऱ्या ब्रेडचा आकडा ७५ आणि गव्हाच्या ब्राऊन ब्रेडचा ७४. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना! कारण पिष्ट दोन्हींत एकच आहे, आणि दाणा बारीक दळला की कोंडा शेजारी असला तरी विकराला पिष्टापर्यंत पोचायला अडथळा उरत नाही. त्यात ब्रेड जाळीदार आणि फुगलेला, तोंडातच विरघळतो. चपातीचा आकडा त्याच तक्त्यात ५०च्या जरा वर आहे. ती घट्ट असते, चावावी लागते.

म्हणजे वेग ठरतो तो दळण्यावर आणि पदार्थाच्या घडणीवर. आपल्याकडे खपली गव्हाची खीर करतात, दाणा सडून, भिजवून, तासभर शिजवून. त्यात दाण्याच्या पेशींच्या भिंती बऱ्याचशा शाबूत राहतात आणि आतलं पिष्ट सावकाश बाहेर येतं. त्यात गूळ किती घातला ते वेगळं. मधुमेह असणाऱ्यांनी म्हणून "आम्ही ब्राऊन ब्रेड खातो" या समाधानात राहू नये. तंतू मिळतील, पण साखरेपुरता तो पांढऱ्या ब्रेडचाच भाऊ आहे. त्यातही पाकिटामागची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि खाली कॅरामल रंग असेल, तर तुम्ही रंगाचे पैसे देताय.

आणि आपली घरची चूक? दळण आणलं की आपण ते बारीक चाळणीने चाळतो आणि कोंडा गाईला घालतो. मी एकदा तोलून बघितलं. एक किलो कणकेतून ६० ग्रॅम कोंडा निघाला. चिकटलेलं पीठ वगळलं तरी त्यात वीसेक ग्रॅम तंतू जातात, म्हणजे किलोतल्या एकूण तंतूंपैकी साधारण पाचवा हिस्सा. चपाती थोडी मऊ होते खरी, पण मैद्याच्या दिशेने आपण स्वतःच एक पाऊल टाकतो. काडी-कचऱ्यासाठी चाळायचंच असेल तर गहू निवडून घ्या आणि चाळण मोठ्या भोकांची वापरा. कोंड्याची चपाती चिवट होते ही तक्रार असेल तर पाणी जरा जास्त घालून कणीक अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा पाणी हळू पितो, त्याला वेळ लागतो. मात्र ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम सुरुवात करू नये, पोट फुगतं. आणि आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांना डॉक्टर काही दिवस कमी तंतूंचंच खायला सांगतात, तेव्हा मैद्याचा ब्रेडच बरा.

कोंड्याची एक खोडही सांगते. त्यात फायटिक आम्ल असतं आणि ते लोह धरून ठेवतं. त्यामुळे कणकेत लोह दुप्पट असलं तरी शरीरात दुप्पट जातंच असं नाही. काकींना मी गिरणीतच म्हटलं, मिसळीवर लिंबू पिळताय ना, ते चांगलं, त्याने लोह सुटतं. पण त्यावर लगेच चहा घेऊ नका, तो पुन्हा लोह अडवतो. काकी म्हणाल्या, "मिसळीनंतर चहा नाही? मग तू ब्रेडच बंद कर म्हणालीस तर बरं झालं असतं." तेवढ्यात गिरणीवाल्याने माझा डबा पुढे ओढला आणि विचारलं, "वैनी, बारीक की जाडसर?" मी म्हटलं, जाडसर.

नमस्कार.