पाइप गळत नव्हता

(दृश्य: इंदूर, रामबाग. जुलैची संध्याकाळ. जुन्या दुमजली घराचा जिना. छताला ओला, पिवळट डाग. डागाच्या मधोमध लोंबणारा एक थेंब.)

रामबागेतल्या या घरात जिन्याच्या छताला पहिला डाग दिसला तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. काकूंनी आधी खाली बादली ठेवली, मग प्लंबरला बोलावलं. गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि तिचा पाइप याच भिंतीतून उतरतो. तेव्हा लीकेज तिथंच असणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

प्लंबरनं रीतसर तपासणी केली. रात्री दहाला टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइप रिकामा केला आणि सकाळपर्यंत तसाच ठेवला. पाइपात थेंबभर पाणी नसतानाही सकाळी बादलीत पाणी होतंच.

पाऊस मुरत असेल म्हणावं, तर ते तीन दिवस कोरडे होते. थेंब मात्र पडत होते, आणि तेही रात्रीच जास्त.

हे पाणी येतं कुठून, ते शोधायला आपण जिना सोडून आधी स्वयंपाकघरात जाऊ.

(दृश्य: ओट्यावर वजनकाटा. त्यावर झाकण ठेवलेला स्टीलचा पेला. आत बर्फाचं पाणी.)

पेल्यात 200 मिली बर्फाचं पाणी आहे आणि वर घट्ट झाकण. काट्यावर पेला ठेवला आणि आकडा शून्यावर आणला. पाचेक मिनिटांत पेल्याची चमक गेली, मग बारीक थेंब दिसू लागले, एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि ओघळले. काट्यावरचा आकडा हळूहळू चढत राहिला आणि 3 ग्रॅमवर पोचला. पाणी आतून बाहेर झिरपलं असतं, तर एकूण वजन तेवढंच राहिलं असतं. ते वाढलं, म्हणजे पाणी बाहेरून आलं.

आणखी एक गोष्ट बघा. थेंब पेल्यावर सगळीकडे नाहीत. आत पाणी जिथपर्यंत आहे साधारण तिथपर्यंतच ते चढलेत, वरचा काठ कोरडा आहे. आतल्या पाण्याची पातळी बाहेरून वाचता येते.

हे बाहेरचं पाणी म्हणजे खोलीतल्या हवेतली वाफ. डोळ्यांना न दिसणारी, पण मोजता येण्याइतकी. आज या स्वयंपाकघरात तापमान 27 अंश आहे आणि आर्द्रता 80 टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 20 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. म्हणजे साध्या आकाराच्या खोलीत अर्धा लिटरहून जास्त.

मग ती वाफ पेल्यावरच का थांबते? हवा स्पंजासारखी आहे, गार झाली की पिळली जाते, असं आपण ऐकत आलोय. ते चित्र सोयीचं आहे, पण खरं कारण हवेत नाही, पृष्ठभागावर आहे. कुठल्याही ओल्या पृष्ठभागावर दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. पाण्याचे काही रेणू सुटून हवेत जातात आणि हवेतले काही येऊन चिकटतात. किती येतील ते हवेतल्या वाफेवर ठरतं, किती सुटतील ते पृष्ठभागाच्या तापमानावर. पृष्ठभाग गार होत गेला की सुटणारे कमी होत जातात. एका ठरावीक तापमानाला दोन्ही आकडे बरोबरीत येतात. त्याच्या खाली गेलं की येणारे जास्त आणि जाणारे कमी, म्हणून पाणी साचायला लागतं. या तापमानाला म्हणायचं दवबिंदू.

मराठीत या शब्दानं थोडा घोटाळा होतो. दवबिंदू म्हटलं की पानावरचा थेंब डोळ्यांपुढे येतो. इथे मात्र बिंदू म्हणजे थेंब नव्हे, तापमापीवरची एक खूण. ‘दव पडलं’ म्हणण्याचंही तसंच आहे. दव वरून पडत नाही, ते गार झालेल्या पानावर जागच्या जागी तयार होतं. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरानं दवावरचा आपला निबंध 1814 मध्ये प्रसिद्ध केला आणि हे नीट पटवून दिलं.

(दृश्य: कोरडा, चकचकीत स्टीलचा पेला. साधं पाणी, चमचा, तापमापी. बर्फाचे बारीक तुकडे एकेक करून पडताहेत.)

आजचा दवबिंदू आपण इथेच मोजू. पेल्यात साधं पाणी घ्यायचं, बर्फाचा एक लहान तुकडा टाकायचा आणि तो विरघळेपर्यंत ढवळायचं. मग पुढचा. नजर पेल्याच्या चमकेवर ठेवायची आणि त्याच्यावर श्वास पडू द्यायचा नाही, नाहीतर श्वासातलीच वाफ जमते. चमक जिथे प्रथम मंदावली तिथलं तापमान टिपायचं. मग पेला आपोआप तापू द्यायचा आणि धुकं नाहीसं झालं की पुन्हा टिपायचं. आपले आकडे आले 22.5 आणि 23.5. सरासरी 23 अंश.

साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर तोंडी हिशोबही जमतो. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचानं भागा आणि आलेला आकडा तापमानातून काढा. आपल्याकडे 20 भागिले 5 म्हणजे 4, आणि 27 उणे 4 म्हणजे 23. स्वस्त आर्द्रतामापक पाचेक टक्क्यांनी चुकू शकतो, म्हणजे दवबिंदूत अंशभराचा फरक. म्हणून मला पेल्याचा भरवसा जास्त वाटतो.

काकू म्हणाल्या, “अरे, पण एप्रिलात तर एसी दिवसरात्र चालू होता. तेव्हा हा डाग नव्हता.”

सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्यांनीच दिला. इंदुरात एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता हे नेहमीचं. तेव्हा घनमीटरमध्ये जेमतेम 7 ग्रॅम वाफ असते आणि दवबिंदूही 7 अंशांच्या आसपास उतरतो. (पाचानं भागण्याचा हिशोब एवढ्या कोरड्या हवेत चालत नाही.) फ्रिजमधल्या बाटलीवर तेव्हा फार तर पुसट धुकं येतं. जुलैत तीच बाटली टेबलावर तळं करते. बाटली तेवढीच गार, पण दवबिंदू 7 वरून 23 वर चढलेला.

(दृश्य: तिवईवर मातीचा माठ, बाहेरून ओलसर.)

माठही बाहेरून ओला असतो, पण त्याची गोष्ट नेमकी उलट. माठाचं पाणी आतून झिरपतं आणि बाहेर वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. पेल्यावर वाफेचं पाणी होताना तीच उष्णता परत मिळते. आपल्या काट्यावर जमलेल्या 3 ग्रॅम पाण्यानं जी उष्णता सोडली, तिनं 200 मिली पाणी जवळजवळ 9 अंशांनी तापलं असतं. पावसाळ्यात बर्फ भराभर विरघळतो, त्याचं एक मोठं कारण हे.

(दृश्य: पुन्हा जिना. पीओपीचं छत कापून काढलेलं. आत पांढऱ्या टेपनं गुंडाळलेल्या नळ्या.)

छत उघडलं आणि उलगडा झाला. वरच्या खोलीतल्या एसीच्या तांब्याच्या दोन नळ्या, एक बारीक, एक अर्ध्या इंचाची, याच छतामागून गच्चीवरच्या आउटडोरकडे जातात. सोबत ड्रेनचा पाइप. आधी त्याची खात्री केली. एसीच्या आतल्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतलं, ते सगळं गच्चीच्या नाल्यात नीट निघालं. तेव्हा संशय उरला नळ्यांवर.

गळती एका जागी असते आणि तिथूनच पाणी पसरतं. इथे नळीच्या खालच्या अंगाला ओळीनं थेंब होते, तीन फुटांच्या पट्ट्यात. ते पुसले, एसी बंद केला, थेंब परत आले नाहीत. एसी सुरू केल्यावर वीस मिनिटांत ओळ पुन्हा उभी राहिली. उघड्या तांब्याचं तापमान भरलं 10 अंश. (इन्फ्रारेड बंदूक चकचकीत तांब्यावर धरली तर भलताच आकडा दाखवते. टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं.) जिन्यात एसी नाही, तिथली हवा दमटच. पृष्ठभाग 10, दवबिंदू 23.

नळ्या बसवणाऱ्यानं दोघींना मिळून एकच पातळ आवरण घातलं होतं, आणि वळणावर तेही नव्हतं, नुसतं कापड आणि टेप. पुष्कळ स्प्लिट एसींत गॅसचा दाब आउटडोरमध्येच उतरवतात, त्यामुळे खोलीकडे येणारी बारीक नळीही गार असते. दोघींना वेगवेगळं आवरण हवं. कापडाचा तर उलट त्रास. वाफ त्यातून आरपार जाते, नळीवर जाऊन पाणी होते, आणि भिजलेलं कापड थंडी बाहेर आणतं.

आवरणाचं काम नळी गार ठेवणं एवढंच नाही. त्याची स्वतःची बाहेरची बाजू दवबिंदूच्या वर राहिली पाहिजे. आजच्या हवेचा आणि या अर्ध्या इंची नळीचा ढोबळ हिशोब असा. काळ्या नायट्रील फोमची 6 मिलिमीटरची ट्यूब घातली तर बाहेरची बाजू साडेएकवीस अंशांवर राहते, म्हणजे आवरणालाच घाम येणार. 9 मिलिमीटरला 23, अगदी काठावर. 13 मिलिमीटरला साडेचोवीस, तेव्हाच कोरडं. आणि हा हिशोब वाहत्या हवेचा. बंद छतामागे हवा हलत नाही, पृष्ठभागाला खोलीची ऊब कमी मिळते, म्हणून तिथे आणखी जाड आवरण लागतं.

एसीवाल्यानं 19 मिलिमीटरची ट्यूब घातली, दोन्ही नळ्यांना वेगळी. सांधे फोमच्या चिकटद्रव्यानं बंद केले, टेपनं नुसते झाकले नाहीत. सांध्यात फट राहिली की वाफ तिथून आत शिरते आणि पाणी आवरणाखाली साचत जातं, बाहेरून काही दिसत नाही.

(दृश्य: टॉर्चचा उजेड. काळ्या ट्यूबवर लोखंडी क्लॅम्प आवळलेला. क्लॅम्पखाली एक थेंब.)

आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो. नळ्या कोरड्या, बादली रिकामी. एका जागी मात्र थेंब होता, भिंतीतल्या क्लॅम्पखाली. क्लॅम्प इतका आवळला होता की 19 मिलिमीटरचा फोम तिथे दबून जेमतेम 4 उरला होता, आणि लोखंडाला हात लावला तर गार लागत होतं. एसीवाल्यानं क्लॅम्प सैल केला, मोठ्या मापाचा बसवला आणि फोम व क्लॅम्पच्या मध्ये रुंद पीव्हीसी पाइपचा अर्धा कापलेला तुकडा सरकवला, म्हणजे दाब एका रेषेवर न येता पसरेल.

काकूंनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून बघितलं. कोरडं होतं.